क्लोजिंग सांभाळून जेएआयआयबी : तीन महिन्यांच्या उजळणीचा हिशेब

बँकेत लागून वर्ष-दोन वर्षं झाली की शाखेतले ज्येष्ठ विचारू लागतात, 'जेएआयआयबी कधी देतोयस?' इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही संस्था १९२८ सालापासून बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षा घेते आहे. त्यांतली ही पहिली पायरी. उत्तीर्ण झालं की इन्क्रिमेंट मिळतं आणि पुढच्या सीएआयआयबीचा रस्ता खुला होतो. पेपर चार : भारतीय अर्थव्यवस्था व वित्तव्यवस्था, बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार म्हणजे पीपीबी, बँकरसाठी हिशेब व वित्तव्यवस्थापन म्हणजे एएफएम, आणि रिटेल बँकिंग व संपत्ती व्यवस्थापन. प्रत्येक पेपर १०० गुणांचा, दोन तासांचा, पर्यायी प्रश्नांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

परीक्षा साधारण मे आणि नोव्हेंबरमध्ये होते. मे महिन्याची परीक्षा देणारा फेब्रुवारीत पुस्तकं उघडतो आणि तिथेच पहिली अडचण समोर येते, कारण त्याच्या तीन महिन्यांच्या बरोबर मध्यावर ३१ मार्च बसलेला असतो. नोव्हेंबरची परीक्षा दिली तर वाटेत गणपती, दसरा आणि ३० सप्टेंबरची अर्धवार्षिक क्लोजिंग. म्हणून वेळापत्रकाआधी तासांचा हिशेब मांडावा लागतो.

समजा, सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेतली क्लार्क मे महिन्याच्या परीक्षेला बसते आहे. कॅश जुळवून घरी पोहोचायला तिला सात वाजतात. जेवणखाण, घरचं सगळं आवरून आठवड्यातून चार संध्याकाळी सव्वा तास बसणं तिला जमेल. पाच ठरवल्या तर पाचवी बहुधा मोडते. रविवारी चार तास. शनिवार मात्र तिला रोजचा मिळत नाही : २०१५च्या सप्टेंबरपासून बँकांना फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुटी आहे. तेरा आठवड्यांत असे सहा शनिवार येतात, त्यांचे चोवीस तास. रविवारचे बावन्न आणि संध्याकाळचे पासष्ट मिळवले की बेरीज १४१ होते. मार्चअखेरीच्या दोन आठवड्यांत अभ्यास जवळपास शून्य धरला, तर हातात राहतात सुमारे १२० तास. पेपर चार आहेत, म्हणजे सरासरी तीस तास एकेकाला.

तीस तासांत जाडजूड पुस्तक एकदा नीट वाचून होतं, दुसऱ्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचून होत नाही. इथेच बहुतेकांची योजना फसते. फेब्रुवारीत पहिला पेपर, मार्चमध्ये दुसरा आणि तिसरा, एप्रिलमध्ये चौथा, आणि 'शेवटच्या दहा दिवसांत सगळ्याची रिव्हिजन', असा क्रम लावला जातो. ते दहा दिवस येतात तेव्हा पहिला पेपर नव्याने वाचावा लागतो. उजळणी शेवटी ठेवायची नसते. ती पहिल्या आठवड्यापासून वाचनाच्या सोबतीने चालावी लागते.

किती अंतराने पुन्हा वळावं, याचं एक ढोबळ उत्तर संशोधनातून मिळतं. निकोलस सेपेडा, हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तेराशेहून अधिक लोकांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना काही माहिती शिकवली, मग वेगवेगळ्या अंतराने तिची एक उजळणी करून घेतली आणि त्यानंतर बऱ्याच दिवसांनी चाचणी घेतली. चाचणी सत्तर दिवसांनी असेल, तर उजळणी सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने केलेली सर्वांत फायद्याची ठरली; चाचणी आठवड्यावर असेल, तर एका दिवसाच्या अंतराने. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वाचलेला भाग त्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा समोर आला पाहिजे, असा याचा व्यवहारातला अर्थ. क्लोजिंगच्या आधी ही एक फेरी होऊन जाते, हे विशेष सोयीचं.

पुन्हा समोर येणं म्हणजे पुन्हा वाचणं मात्र नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन पद्धतींची तुलना केली. एकदा उतारा वाचून झाल्यावर काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर सांगता आला, वाचणाऱ्यांना ४२ टक्के. वाचताना 'हे येतंय मला' असं वाटतं ते त्या पाच मिनिटांपुरतं खरं असतं.

त्यामुळे दमलेल्या संध्याकाळी नवं प्रकरण उघडण्याचा आग्रह सोडलेला बरा. डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि पान उलटलं की मागचं काही उरत नाही. प्रश्न समोर असला की दमलेलं डोकंही उत्तर शोधायला लागतं. नवं आणि जड वाचन शनिवार-रविवारी. चारपैकी दोन संध्याकाळी फक्त आठवणं. उरलेल्या दोन संध्याकाळी पीपीबी किंवा रिटेल बँकिंगसारखा ओळखीचा भाग. उदाहरणार्थ, रविवारी चेक आणि रेखांकन, म्हणजे क्रॉसिंग, वाचलं. मंगळवारी पुस्तक बंद ठेवून कोऱ्या पानावर लिहायचं : साधं क्रॉसिंग आणि विशेष क्रॉसिंग यांत फरक काय, 'नॉट निगोशिएबल' लिहिल्याने घेणाऱ्याच्या हक्कावर काय परिणाम होतो, चेक किती महिने वैध. मग पुस्तकाशी ताडून लाल शाईने दुरुस्ती करायची. तीन आठवड्यांनी त्याच भागावरचे वीस-पंचवीस प्रश्न सोडवायचे.

पीपीबीत एक खोड अशी की रोजचं काम तिथे मदत करतं तसं फसवतंही. शाखेत पडलेली सवय आणि नियमाचा शब्द नेहमी एकच असतो असं नाही. केवायसी अद्ययावत करण्याची मुदत जास्त जोखमीच्या ग्राहकासाठी दोन वर्षं, मध्यम जोखमीसाठी आठ आणि कमी जोखमीसाठी दहा आहे. काउंटरवर बसणारा मात्र सिस्टीम सांगेल तेव्हा कागद मागतो, आकडे त्याच्या डोक्यात नसतात. 'हे तर रोजच करतो' म्हणून सोडलेली प्रकरणंच आधी कोऱ्या पानावर तपासावीत.

नियम बदलतात तेव्हा कोणता धरायचा, हेही संस्थेने ठरवून दिलं आहे. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षांना आधीच्या ३१ डिसेंबरपर्यंतच्या सूचना लागू. ऑगस्ट ते जानेवारीमधल्या परीक्षांना ३० जूनपर्यंतच्या. २०२५चं उदाहरण घ्यावं. रिझर्व्ह बँकेने प्राधान्य क्षेत्राचे नवे निर्देश त्या वर्षी मार्चमध्ये काढले आणि १ एप्रिलपासून लागू केले. त्यात मोठ्या शहरांतल्या गृहकर्जाची मर्यादा ३५ लाखांवरून ५० लाखांवर गेली. शाखेत एप्रिलपासून नवा आकडा चालू झाला, पण मे महिन्याच्या परीक्षेसाठी जुनाच धरायचा होता. बदलत्या दरांचं आणि मर्यादांचं एक स्वतंत्र पान करावं आणि त्याच्या माथ्यावर ही तारीख लिहून ठेवावी.

सगळ्यांत जास्त वेळ एएफएमला द्यावा लागतो. वाणिज्य शाखेची पदवी नसेल तर १२०पैकी चाळीस तास याला, तीस अर्थव्यवस्थेच्या पेपरला आणि उरलेल्या दोघांना पंचवीस-पंचवीस अशी वाटणी वाजवी ठरते. गणितं वाचून येत नाहीत, आणि एका प्रकाराची दहा एकापाठोपाठ सोडवली की सूत्र कोणतं हे ओळखायची गरजच उरत नाही. परीक्षेत नेमकी तीच ओळख लागते. म्हणून दुसऱ्या फेरीपासून घसारा, ब्रेक-इव्हन, हप्ता, रोख्याची किंमत अशी गणितं मिसळून घ्यावीत.

हप्त्याचं एक गणित पाहू. पाच लाखांचं कर्ज, वार्षिक १२ टक्के व्याज, पाच वर्षांत मासिक हप्त्याने फेड. महिन्याचा दर १ टक्का आणि हप्ते ६० धरले की उत्तर येतं सुमारे ११,१२२ रुपये. घाईत कुणी दर १२ टक्केच ठेवून मुदत ६० घेतली, तर हप्ता साठ हजारांवर जातो. पाच लाखांच्या कर्जाला असा हप्ता नसतो, हे बँकेतल्या माणसाला लगेच कळतं. धोका वेगळ्याच चुकीत आहे. वार्षिक हप्ता काढून त्याला बाराने भागलं तर ११,५५९ येतात. हा आकडा अगदी खरा वाटतो आणि पर्यायांत असला तर निवडलाही जातो. अशी चूक नुसती खोडून उपयोग नाही. एका वहीत प्रश्न, चुकीचं उत्तर आणि चुकण्याचं कारण लिहावं : माहीत नव्हतं, दोन गोष्टींत गोंधळ झाला, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही. 'मुदत आणि दर एकाच मापात नव्हते' ही एक ओळ पुढची कितीतरी गणितं वाचवते. क्लोजिंगच्या आठवड्यात पुस्तक उघडणार नाही, हे मान्य करून झोपण्याआधी वीस मिनिटं फक्त ही वही चाळावी.

एप्रिल संपूर्ण सराव परीक्षांचा. इथे गुणांकडे पाहताना सावध राहावं लागतं. प्रत्येक उत्तराशेजारी 'खात्री' की 'अंदाज' अशी खूण करायची. समजा, ३८ उत्तरं खात्रीची आणि बरोबर आहेत, उरलेली ६२ अंदाजाने ठोकली. चार पर्यायांत नुसत्या नशिबानेही त्यांतली पंधरा-सोळा लागतात, आणि गुणपत्रकावर ५३ दिसतात. तयारी मात्र ३८चीच आहे. त्यातून तोच प्रश्नसंच पुन्हा सोडवला असेल, तर उत्तरं येतात ती ओळखीमुळे. नव्या संचात साठाच्या वर, त्यांतली पन्नास खात्रीची, असं दोनदा झालं तर त्या पेपरवरचा वेळ कमी करून दुसऱ्याला द्यायला हरकत नाही.

तो वेळ कुणाला द्यायचा, हे उत्तीर्ण होण्याचा नियम सांगतो. प्रत्येक पेपरात ५० हवेत; किंवा एकाच प्रयत्नात चारही पेपरांत किमान ४५ आणि सरासरी ५० टक्के. ५८, ४७, ४६ आणि ५१ मिळवणारा पास होतो, कारण बेरीज २०२ आहे. ६२, ५५, ५२ आणि ४४ मिळवणाऱ्याची बेरीज २१३, तरी त्याचा चौथा पेपर राहतो. चांगल्या पेपरातले सात गुण वाढवण्यापेक्षा कच्च्या पेपराला ४५च्या वर नेणं इथे मोलाचं ठरतं, आणि शेवटच्या दोन आठवड्यांतले रविवार त्यालाच जायला हवेत.

एखादा पेपर राहिलाच तर मुदतीच्या आतल्या प्रयत्नांत तेवढाच पुन्हा देता येतो; सुटलेले तीन पुन्हा द्यावे लागत नाहीत. नोव्हेंबरला बसताना दरांचं आणि मर्यादांचं पान ३० जून ही तारीख धरून नव्याने तपासावं लागतं. चुकांची वही मात्र तशीच चालते.