दोन गुण जास्त, तरी साडेचार टक्के कमी

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दोन कागद घेऊन दारात उभे राहिले. त्यांचा मुलगा आणि थोरल्या भावाची मुलगी, दोघं एकाच शाळेतून दहावीला बसले होते. मी शाळेत बरीच वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे निकालाच्या दिवशी अशी माणसं येतातच. त्यांनी कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "सर, सगळे गुण मिळवले तर आमच्याला ४८४ पडतात, पुतणीला ४८२. दोन गुण जास्त असून हा ८०.८० टक्क्यांवर आणि ती ८५.४० वर? बोर्डाकडून काही चुकलंय का?"

चूक काही नव्हती. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषय, प्रत्येकी शंभर गुणांचे: तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. पास व्हायला सहाही विषय लागतात, पण टक्केवारी काढताना सगळ्यांत कमी गुणांचा एक विषय बाजूला ठेवतात आणि उरलेल्या पाचांची बेरीज ५०० पैकी धरतात. लोक यालाच 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात. नियम एका ओळीचा आहे, पण तो कुणाला किती देतो ते कागदावर मांडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

म्हणून आम्ही मांडलं. मुलीचे गुण होते मराठी ८४, हिंदी ७८, इंग्रजी ८६, गणित ५५, विज्ञान ८८, सामाजिक शास्त्रं ९१. बेरीज ४८२, म्हणजे ६०० पैकी ८०.३३ टक्के. गणिताचे ५५ काढले की पाच विषयांचे ४२७ उरतात, म्हणजे ५०० पैकी ८५.४०. मुलाचे गुण ८१, ८०, ८२, ८०, ८१, ८०. बेरीज ४८४, टक्के ८०.६७. त्याच्याकडे काढायला पडका विषयच नाही. एक ८० काढला की ४०४ उरतात, म्हणजे ८०.८०. मुलगी पाच टक्क्यांनी वर सरकली. मुलगा जागच्या जागी राहिला.

वडील बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. "म्हणजे सगळीकडे सारखं लक्ष दिलं त्याला काहीच नाही?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि या नियमातली खरी मेख तिथेच आहे. किती टक्के वाढतील हे सांगणारं एक सोपं सूत्र आहे. पाच चांगल्या विषयांची सरासरी घ्या, तिच्यातून सोडलेल्या विषयाचे गुण वजा करा आणि आलेल्या फरकाला सहाने भागा. मुलीची पाच विषयांची सरासरी ८५.४, तिच्यातून ५५ गेले की ३०.४, आणि त्याचा सहावा भाग म्हणजे ५.०७. नेमकी तेवढीच तिची वाढ आहे. मुलाच्या बाबतीत ८०.८ मधून ८० गेले की ०.८ उरतो, त्याचा सहावा भाग ०.१३. पाच विषयांत ९० आणि सहाव्यात जेमतेम ३५ मिळालेल्या मुलाला तर नऊ टक्क्यांहून जास्त मिळतात, ८०.८३ वरून थेट ९०. थोडक्यात, हा नियम हुशारीला बक्षीस देत नाही आणि मेहनतीलाही देत नाही. एक विषय बाकीच्यांपासून किती खाली पडला, तेवढंच तो मोजतो.

नियम आला कुठून, हेही त्यांना सांगावं लागलं. गेल्या दशकाच्या आधीची काही वर्षं मुंबईत अकरावीच्या प्रवेशावरून मोठी ओढाताण चालली होती. आयसीएसई आणि सीबीएसईची मुलं टक्केवारीत पुढे जातात आणि राज्य मंडळाच्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजांत जागा उरत नाही, ही पालकांची तक्रार होती. सरकारने आधी पर्सेंटाइलचं सूत्र आणलं, ते न्यायालयात टिकलं नाही. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना ठेवण्याचा निर्णय झाला, तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. मग फेब्रुवारी २०१० मध्ये पाच विषयांच्या बेरजेचा निर्णय निघाला. सीबीएसईच्या मुलांना दहावीला मुख्य पाचच विषय असतात आणि आमच्या मुलांना तिसऱ्या भाषेसह सहा, या फरकाचा आधार त्याला होता. आयसीएसईच्या पालकांना हा भेदभाव वाटला, ते न्यायालयात गेले आणि जून २०१० मध्ये उच्च न्यायालयाने हाही निर्णय रद्द केला. जुलैमध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाचा कौल राज्याच्या बाजूने लागला, आणि नियम राहिला.

माझं मत विचाराल तर मला यातली माया दिसते. एखाद्या मुलीला गणिताची धडकी बसलेली असते, एखाद्या मुलाला हिंदीचं व्याकरण झेपत नाही. एका विषयाच्या पायी वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडू नये, हा विचार चांगलाच आहे. पण या मायेची किंमत सगळ्या विषयांत सारखा टिकून राहणाऱ्या मुलाकडून वसूल होते, आणि त्याला ते कुणी सांगत नाही. एका जागेसाठी दोघं रांगेत उभे असतील तर कालचा मागचा आज पुढे जातो. सगळ्यांचेच टक्के वाढले म्हणून जागा वाढत नाहीत. कॉलेजची कट ऑफही त्याच टक्क्यांवर ठरते, तीही वर सरकते. म्हणून आपले टक्के किती वाढले यापेक्षा आपल्या आजूबाजूच्यांपेक्षा किती जास्त किंवा कमी वाढले, ते महत्त्वाचं. मुलाचे ०.१३ वाढले, इतरांचे तीन-चार वाढले, म्हणजे रांगेत तो मागेच गेला.

शंभर टक्के मिळवणाऱ्यांची बातमी दरवर्षी येते, त्यातही हाच हिशेब असतो. एखाद्याला पाच विषयांत ९८, ९८, ९७, ९९ आणि ९८ मिळाले तर बेरीज ४९० होते. खेळाचे किंवा कलेचे दहा वाढीव गुण मिळाले की ५०० भरतात. सहाव्या विषयात त्याला ८५ असले तरी शंभर टक्क्यांना धक्का लागत नाही. एकाही पेपरात शंभर नसून एकूण शंभर टक्के, हे ऐकून लोक गोंधळतात. त्या मुलाचं कौतुक कमी करावं असं मी म्हणत नाही, पण त्या टक्क्याचा अर्थ 'कुठेही एक गुण गेला नाही' असा घेऊ नये.

कुठे चुकतं तेही सांगतो, कारण निकालानंतरच्या आठवड्यात हे रोज बघायला मिळतं. सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक अशी की फॉर्म भरताना वरचा आकडा सहा विषयांचा घेतात आणि खालचा पाच विषयांचा. त्या मुलीचे ४८२ गुण 'पैकी ५००' असे लिहिले की ९६.४० टक्के येतात. कागदपत्रं तपासणारा लगेच पकडतो, आणि मग मुलीने मुद्दाम फसवलं असा संशय येतो. शहानिशा सोपी आहे. पाच विषयांची टक्केवारी आपल्या सर्वोत्तम विषयाच्या गुणांपेक्षा जास्त येऊ शकत नाही. तिचा सर्वोत्तम ९१ आहे, म्हणजे ९६ आले तर कुठेतरी गोंधळ झाला आहे. वाढीव गुण असतील तर तेवढा अपवाद.

शाळेच्या कार्यालयात संगणकावर तक्ता करताना वेगळीच चूक होते. सगळ्यांत कमी गुणांचा विषय वगळताना कुणीतरी 'किमान आकड्याइतके असलेले सगळे गुण सोडा' असं सूत्र लावतो. आमच्या या मुलाला ८० तीन विषयांत आहेत. सूत्राने तिन्ही काढले की उरतात २४४ आणि ५०० पैकी टक्के येतात ४८.८०. सोडायचा असतो एकच विषय, बरोबरीचे किती का असेनात. दुसरी चूक गैरहजेरीची. एका विषयापुढे आकड्याऐवजी अक्षरं लिहिली की बेरीज ती अक्षरं मोजत नाही आणि किमान आकडाही उरलेल्या पाचांतूनच घेतला जातो, म्हणजे मुलाचे चारच विषय मोजले जातात. म्हणून आधी सहा आकडे आहेत का ते बघावं आणि मगच वजाबाकी करावी:

```
=IF(COUNT(B2:G2)<6,"तपासा",(SUM(B2:G2)-MIN(B2:G2))/5)
```

B पासून G पर्यंत सहा विषय शंभरपैकी भरलेले हवेत. अंतर्गत परीक्षांत काही शाळा एक विषय १५० गुणांचा ठेवतात. तिथे नुसत्या गुणांवरून कमी विषय शोधला तर घोळ होतो. १५० पैकी ९० म्हणजे ६० टक्के, तर १०० पैकी ७२ म्हणजे ७२ टक्के. गुण पाहिले तर ७२ कमी दिसतो, पण सोडायला हवा तो ९० वाला विषय. आधी सगळे विषय शंभरावर आणायचे, मगच कमी कोणता ते ठरवायचं.

अजून एक गैरसमज घरोघरी आहे. 'एक विषय तर सोडायचाच आहे' असं म्हणून मुलं दहावीच्या सुरुवातीलाच एखादी भाषा बाजूला टाकतात. एकतर त्यात पास व्हावंच लागतं. आणि दुसरं म्हणजे कोणता विषय सुटणार ते निकालाच्या दिवशीच कळतं. हिंदी सोडायची म्हणून अभ्यास केला नाही आणि पेपर गणिताचा बिघडला, तर गणित सुटतं आणि हिंदीचे कमी गुण बेरजेत बसतात. सहा विषयांपैकी वाईट फक्त एकालाच जाण्याची मुभा आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर मुलाचे वडील थोडे सैलावले. "मग पुतणी खरी किती हुशार?" ते म्हणाले. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पण दुसरं एक होतं. टक्क्यातून ५५ गेले तरी गुणपत्रिकेतून ते गेलेले नाहीत. सहाही विषयांचे गुण तिथे वेगवेगळे छापलेले असतात. तिला विज्ञान शाखेत गणित घ्यायचं असेल तर प्रवेशासाठी ८५.४० दिसतील, पण अकरावीचं गणित शिकायला बसेल ती ५५ वाली मुलगी. मी त्यांना म्हटलं, घरी गेल्यावर पुतणीला टक्के विचारू नका, गणितात अडलं कुठे ते विचारा.

संध्याकाळी दोघंही मुलं घरी आली. मुलगी म्हणाली, "सर, भूमितीत प्रमेय आठवलं नाही, त्यात बराच वेळ गेला." विज्ञान घ्यायचं तिचं नक्की होतं, फक्त गणिताऐवजी जीवशास्त्र घेता येईल का, हे तिला विचारायचं होतं. तिच्या हातात फॉर्म होता. एकूण गुणांच्या रकान्यात पेन्सिलीने ४८२ लिहिलेलं होतं. तिने ते खोडून ४२७ लिहिलं. तिचा भाऊ शेजारी बसून आपले सहा आकडे पुन्हा एकदा मोजत होता.