घरी ऑइल बदलणं कितीला पडतं?

शंभर सीसीच्या मोटारसायकलला साधारण एक लिटर इंजिन ऑइल लागतं. ते गॅरेजमध्ये घ्या वा दुकानात, किंमत जवळपास तीच, म्हणजे वाचते फक्त मजुरी. ती शंभर रुपये धरू. पाना, ट्रे आणि नरसाळं यांचे चारशे धरले, तर चार वेळा ऑइल बदलल्यावर खर्च फिटतो.

धोका ड्रेन बोल्टचा. तो जास्त आवळला तर ॲल्युमिनियमच्या केसिंगचे आटे जातात आणि दुरुस्तीत सगळी बचत बुडते. जुना वॉशर दबलेला असेल तर नवा घाला, नाहीतर ऑइल झिरपतं.

काळं ऑइल गटारात कधीही ओतू नका. रिकाम्या डब्यात भरा, त्यात पाणी किंवा पेट्रोल मिसळू देऊ नका. जुनं ऑइल पुनर्प्रक्रियेला देणारं गॅरेज ते घेईल का, हे आधीच विचारा.