अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'मधील श्रद्धा आणि संशय : निवेदकाच्या स्थानावरून एक वाचन

प्रस्तावना

अरुण कोलटकर यांचा 'जेजुरी' हा इंग्रजी काव्यसंग्रह १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातील जेजुरी हे खंडोबाचे क्षेत्र आहे. तेथे एस. टी. बसने आलेला एक शहरी माणूस दिवसभर देवळे, दगड, पुजारी आणि भिकारी पाहतो व संध्याकाळी रेल्वे स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट पाहत उभा राहतो. एवढाच या कवितांचा बाह्य प्रवास आहे.

हा संग्रह वर्गात शिकविताना एक अडचण हमखास येते. ज्यांच्या घराचे कुलदैवत खंडोबा आहे असे विद्यार्थी समोर बसलेले असतात. त्यांतील काहींना ही कविता आपल्या देवाची थट्टा वाटते. काही जण 'कवी नास्तिक आहे' असे उत्तर लिहून मोकळे होतात. समीक्षेतही अशीच दोन टोके आढळतात. एका मते हा ओसाड श्रद्धास्थळावरील उपरोध आहे, तर दुसऱ्या मते उपरोधाखाली दडलेला तो भक्तिभावच आहे. ही दोन्ही मते कवितेतील संशय हा कवीचा निष्कर्ष आहे की नाही, एवढाच प्रश्न विचारतात. प्रत्यक्षात येथे संशय हे कवितेतील एका पात्राचे वर्तन आहे आणि श्रद्धेइतकीच त्याचीही परीक्षा घेतली जाते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी तीन प्रसंगांचा विचार केला आहे.

आठ हात आणि अठरा हात

'अ लो टेंपल' या कवितेत ठेंगणे, अंधारे देऊळ आहे. निवेदक पुजाऱ्याला आपली काडेपेटी देतो. एकेका काडीच्या उजेडात एकेक मूर्ती क्षणभर दिसते आणि पुन्हा अंधारात जाते. एका मूर्तीविषयी विचारल्यावर ती आठ हातांची देवी असल्याचे पुजारी सांगतो. निवेदक हात मोजतो, ते अठरा भरतात. तो हरकत घेतो. पुजाऱ्याच्या लेखी मात्र देवी आठ हातांचीच राहते. निवेदक बाहेर उन्हात येतो आणि चारमिनार सिगारेट पेटवतो.

प्रथमदर्शनी हा संशयाचा सरळ विजय वाटतो. मोजणी बरोबर आहे आणि कवितेने ती कोठेही खोटी ठरविलेली नाही. परंतु मराठी वाचकाला येथे एक गोष्ट लगेच जाणवते. 'अष्टभुजा' हे केवळ वर्णन नाही, ते देवीचे नावही आहे. निवेदक संख्येविषयी बोलतो आहे, पुजारी कदाचित नावाविषयी. त्यामुळे एकाचे विधान दुसऱ्याचे विधान खोडत नाही. ती दोन वेगळ्या प्रकारची विधाने ठरतात. अर्थात पुजाऱ्याने मूर्तीकडे कधी नीट पाहिलेच नाही, ही शक्यताही कविता खुली ठेवते. निवेदकाच्या ज्ञानालाही मर्यादा आहे. ते एका काडीच्या आयुष्याएवढे टिकते आणि तीच काडेपेटी पुढे सिगारेटसाठी वापरली जाते.

या कवितेतील संबोधनही लक्षात घ्यावयास हवे. निवेदक स्वतःला 'मी' म्हणत नाही, तो द्वितीय पुरुषात बोलतो. त्यामुळे हात मोजणारा कोण, तर वाचकच. आपण संशय घेणाऱ्याला बाहेरून पाहत नाही, त्याच्या जागी उभे केले जातो. वर्गात मराठीतून अर्थ सांगताना हे 'यू' 'तू' करावे की 'तुम्ही', हे ठरवावे लागते. 'तू' म्हटले की स्वगत होते आणि 'तुम्ही' म्हटले की वाचकावर बोट रोखले जाते. मूळ शब्दात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

न दिलेले उत्तर

'द प्रीस्ट्स सन' या कवितेत पुजाऱ्याचा मुलगा समोरच्या टेकड्या म्हणजे खंडोबाने मारलेले दैत्य असल्याचे सांगतो. यावर तुझा खरोखर विश्वास आहे का, असा थेट प्रश्न निवेदक करतो. मुलगा अवघडतो, खांदे उडवतो, नजर दुसरीकडे वळवतो आणि गवतातील एक फुलपाखरू दाखवतो.

हे मौन मुलाच्या मनातील अविश्वासाची कबुली आहे, असा अर्थ सहज लावला जातो. तसे मानण्यास आधार आहे, पण तो पुरेसा नाही. कथा सांगणे हा त्या मुलाच्या घरचा व्यवसाय आहे. पाहुण्याने त्याला अचानक व्यक्तिगत साक्ष द्यावयास लावले आहे. अवघडलेपण अविश्वासाचे असू शकते, तसेच प्रश्नातील अनौचित्याचेही. कवितेने मुलाच्या मनात शिरण्याचे टाळले आहे.

लगेच पुढे 'द बटरफ्लाय' ही कविता येते. या फुलपाखरामागे कोणतीही कथा नाही, असे ती आरंभी सुचवते. दंतकथेच्या ओझ्यातून सुटल्याचा हा क्षण आहे. परंतु त्याच कवितेत ते इवलेसे पिवळे फुलपाखरू त्या उजाड टेकड्यांना पंखांखाली घेते. म्हणजे कथा नाकारता नाकारता एक नवी प्रतिमा, जवळजवळ एक नवी दंतकथा जन्म घेते. ही प्रतिमा श्रद्धा नव्हे. पण केवळ वस्तुस्थितीही नव्हे.

स्टेशनवरील नवस

अखेरच्या 'द रेल्वे स्टेशन' या दीर्घ कवितेत गाडी केव्हा येणार हे निवेदकाला कोणीच सांगत नाही. तेव्हा तो नवस बोलू लागतो. घड्याळापुढे बोकड, रुळांवर नारळ, स्टेशनमास्तरला दुधाचे स्नान असे ते नवस आहेत. दिवसभर इतरांचे नवस तटस्थपणे पाहणारा माणूस आता त्यांचीच भाषा वापरतो.

ही थट्टा आहे यात शंका नाही. मात्र ती नेमकी कोणाची, हे ठरत नाही. नवसाची पद्धत हास्यास्पद ठरते असे म्हणता येईल. उत्तर न देणाऱ्या सत्तेपुढे उभे राहिले की संशयी मनाचीही बोली नवसाचीच होते, असेही म्हणता येईल. दोन्ही अर्थांना कवितेत सारखाच आधार आहे.

एक आक्षेप

भालचंद्र नेमाडे यांनी कोलटकरांचा निवेदक जेजुरीत पर्यटकासारखा येऊन जातो, अशी टीका केली आहे. भक्ताचे अंतरंग या संग्रहात क्वचितच येते, म्हणून हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. वाघ्याला प्रथमपुरुषी गीत मिळाले आहे, तो एक महत्त्वाचा अपवाद होय. तथापि निवेदकाचे पर्यटकपण कवितेने लपविलेले नाही. 'ॲन ओल्ड वुमन'मध्ये पन्नास पैशांसाठी मागे लागलेली म्हातारी त्याला निरुत्तर करते आणि अखेरीस तोच तिच्या हातातील चिल्लर होऊन उरतो. पाहणाऱ्याचे स्थान किती डळमळीत आहे, हे येथे उघड होते.

समारोप

देव आहे किंवा नाही याविषयी 'जेजुरी' साक्ष देत नाही आणि तिच्या आधारे तशी साक्ष काढणे योग्यही नव्हे. म्हणून अध्यापनात 'कवीचा विश्वास होता का?' या प्रश्नाऐवजी तीन प्रश्न उपयुक्त ठरतात : हे विधान कोण करतो, कोणाला उद्देशून करतो आणि त्यानंतर लगेच काय घडते? श्रद्धाळू आणि संशयी, दोन्ही विद्यार्थ्यांना हे प्रश्न सारखेच लागू पडतात. दोघांनाही आपले उत्तर संहितेतूनच द्यावे लागते.