एक रकाना कमी

औषधांच्या दुकानात साठामोजणीचा नवा तक्ता लागू होत असल्याची सूचना लागली की कर्मचारी आधी एकच गोष्ट पाहतात: रकाने किती वाढले. कारण जितके रकाने जास्त, तितका महिनाअखेरीला घरी जायला उशीर. पण चांगल्या तक्त्यातला सर्वात मोठा बदल वाढलेल्या रकान्यांत नसतो. तो काढून टाकलेल्या एका रकान्यात असतो, आणि सूचनेत त्याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकलेला असतो.

तीन-चार दुकाने आणि एक छोटे गोदाम असलेल्या औषधविक्रेत्याकडची सूचना साधारण अशी असते: ‘सर्व शाखांतील फार्मासिस्ट, काउंटर व गोदाम कर्मचारी यांना कळवण्यात येते की, पुढील महिन्याच्या १ तारखेपासून साठामोजणी फक्त सोबत जोडलेल्या नव्या तक्त्यावरच करावी. जुने तक्ते, वहीची पाने किंवा संगणकावरून काढलेली शिल्लक यादी यांवर केलेली मोजणी ग्राह्य धरली जाणार नाही. चालू महिन्याची मोजणी जुन्याच पद्धतीने पूर्ण करावी.’

यातले शेवटचे वाक्य भरतीचे नाही. एकाच महिन्यात अर्धी दुकाने जुन्या आणि अर्धी नव्या तक्त्यावर मोजू लागली, तर निघालेली तफावत मालात आहे की पद्धतीत, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून बदलाची तारीख एकच ठेवतात आणि ती महिन्याच्या सीमेवर ठेवतात.

गेलेला रकाना ‘संगणकानुसार शिल्लक’ हा असतो. जुन्या पद्धतीत दुकानातल्या बिलिंगच्या संगणकावरून यादी छापली जाई. औषधाचे नाव, त्यापुढे संगणकातला आकडा आणि त्यापुढे प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहिण्यासाठी मोकळी जागा. मोजणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ४६ लिहिलेले असते, कप्प्यात ढीग साधारण तेवढाच दिसतो, आणि हात आपोआप ४६ लिहितो. यात लबाडी असतेच असे नाही. रात्री साडेदहाला, हजारभर औषधे मोजायची असताना, समोर तयार उत्तर असेल तर कोणीही तेच उतरवतो. अशी मोजणी दरमहा छान जुळते आणि वर्षअखेरीला हिशेबनीस प्रत्यक्ष मोजायला बसले की सगळे उघडे पडते. नव्या तक्त्यात मोजणाऱ्याला संगणकातला आकडा दिसतच नाही. तो जे मोजेल ते लिहील, आणि दोन आकड्यांची गाठ नंतर, दुसऱ्याच्या हातून घातली जाईल. हिशेबाच्या भाषेत याला आंधळी मोजणी म्हणतात. नाव जरा विचित्र आहे, पण डोळे उघडे ठेवून केलेली मोजणी ती हीच.

दुसरा बदल एककाचा. औषधांच्या दुकानात ‘दहा’ या आकड्याला एकट्याने काही अर्थ नसतो: दहा गोळ्या, दहा स्ट्रिप की दहा डबे? एकाच औषधाची स्ट्रिप कधी दहाची, कधी पंधराची येते. ग्राहक पाचच गोळ्या मागतो, फार्मासिस्ट स्ट्रिप कात्रीने कापून देतो आणि उरलेला तुकडा कप्प्यात राहतो. जुन्या तक्त्यात तो तुकडा कोणी अर्धी स्ट्रिप धरी, कोणी एक, कोणी सोडूनच देई. नव्या तक्त्यात म्हणून तीन जागा असतात: पूर्ण स्ट्रिप, एका स्ट्रिपमध्ये गोळ्या किती, आणि सुट्या गोळ्या. बेरीज कर्मचाऱ्याने करायची नाही. ती कार्यालयात होते. सिरपच्या बाटल्या, मलमाच्या ट्यूब, इंजेक्शनच्या कुप्या नगावर मोजतात. बंद खोका मात्र ‘वर लिहिलंय ना वीस’ म्हणून वीस धरायचा नाही. खोका उघडून आतले मोजायचे, कारण वरची पट्टी न फाडता खालून माल काढलेला खोका ज्याने एकदा पाहिला आहे, तो पुन्हा खोक्यावरच्या छपाईवर विश्वास ठेवत नाही.

तिसरा बदल कामाला वेळ लावणारा आहे आणि त्यावरच सर्वात जास्त कुरकुर होते. आतापर्यंत एका औषधाला एक ओळ होती. आता प्रत्येक बॅचला स्वतंत्र ओळ आहे. एकाच गोळीच्या तीन बॅच कप्प्यात असतील तर तीन ओळी, प्रत्येकीत बॅच क्रमांक आणि मुदत. याचे कारण कायद्यातच आहे. मुदत संपलेले औषध विकता येत नाही, आणि भारतात औषधावर फक्त महिना व वर्ष छापलेले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते वापरण्याजोगे मानले जाते. म्हणजे ३१ तारखेला रात्री विक्रीयोग्य असलेली स्ट्रिप १ तारखेला सकाळी विक्रीयोग्य नसते. औषधाची एकूण संख्या बरोबर असूनही त्यातल्या सहा स्ट्रिप मुदतबाह्य असू शकतात, आणि एकओळी तक्त्यात ही गोष्ट लपून राहत असे. मुदत जवळ आलेला माल वितरकाकडे परत पाठवून क्रेडिट नोट मिळवायची असते. ती खिडकी काही महिन्यांचीच असते, आणि उशीर झाला की तोटा दुकानाचा. मुदत संपलेला माल मोजायचा, पण वेगळ्या पानावर, आणि तो विक्रीच्या कप्प्यातून काढून वेगळ्या खोक्यात ठेवल्यावरच.

बाकीचे बदल लहान आहेत. मोजणी सुरू झाल्याची व संपल्याची वेळ लिहायची. त्या वेळात आलेला माल उघडायचा नाही, झालेली विक्री वेगळ्या चिठ्ठीवर नोंदवायची. फ्रिजमधली इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायच्या असल्याने त्या सर्वात आधी, थोड्या थोड्या बाहेर काढून मोजायच्या. खाडाखोड झाली तर चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा आणि सही. पांढरी शाई बंद.

तफावत निघाली की काय होते, हे एका उदाहरणावरून नीट कळते. रक्तदाबाची एक गोळी, पंधराची स्ट्रिप. संगणकात शिल्लक ४६ स्ट्रिप, म्हणजे ६९० गोळ्या. मोजणाऱ्याने तक्त्यात दोन ओळी लिहिल्या: पहिल्या बॅचच्या २८ स्ट्रिप, दुसऱ्या बॅचच्या १४ स्ट्रिप आणि सुट्या ९ गोळ्या. एकूण ६३९. कमी पडल्या ५१ गोळ्या. जुन्या तक्त्यावर इथे एकच शब्द लिहिला गेला असता: ‘शॉर्ट’. नव्या पद्धतीत आधी दुसरी व्यक्ती, पहिला आकडा न पाहता, तोच कप्पा पुन्हा मोजते. तिचाही आकडा ६३९ आला, म्हणजे मोजणी बरोबर आहे आणि शोध कागदांत घ्यायचा.

मुदतबाह्य मालाच्या खोक्यात याच गोळीची एक स्ट्रिप सापडली. कोणीतरी ती कप्प्यातून काढून योग्य जागी ठेवली होती, पण संगणकात नोंद केली नव्हती. १५ गोळ्यांचा हिशेब लागला. मग घरपोच पाठवलेल्या मालाच्या चिठ्ठ्या तपासल्या. नेहमीच्या एका ग्राहकाला दोन स्ट्रिप फोनवरून पाठवल्या होत्या, ‘बिल उद्या करू’ असे म्हणून, आणि तो उद्या आलाच नव्हता. आणखी ३० गोळ्या. राहिल्या ६. त्यांचा मागमूस लागला नाही. सुट्या गोळ्या देताना बिलात कमी आकडा पडला असावा, पण ‘असावा’ हा तक्त्यातला शेरा होऊ शकत नाही. त्या ६ गोळ्या ‘कारण आढळले नाही’ अशा शेऱ्यासह शाखाप्रमुखाच्या सहीने साठ्यातून कमी होतात. ५१ पैकी ४५ गोळ्या हरवल्याच नव्हत्या, त्यांचे कागद अर्धवट होते. तफावतीचे पैसे ज्याच्या पगारातून कापले गेले असते, त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

कार्यालयाला ही नोंद करासाठीही लागते. जीएसटीच्या नियमांप्रमाणे हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला किंवा साठ्यातून कमी केलेला माल हिशेबात दाखवावा लागतो, आणि अशा मालाच्या खरेदीवर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. त्यामुळे ‘शॉर्ट’ एवढ्या एका शब्दावर आता कोणाचेच भागत नाही.

पगाराचा प्रश्न सूचनेत सहसा येत नाही, पण मोजणीच्या रात्री दुकानात तोच बोलला जातो. मालाच्या नुकसानीपोटी पगारातून कपात करण्याची तरतूद १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण ती सरसकट नाही. माल त्या कर्मचाऱ्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला हवा, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेले हवे, आणि कपातीआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी मिळायला हवी. पाच जण ज्या कप्प्यात हात घालतात, त्यातली तूट पाच जणांत वाटून टाकण्याची जुनी रीत या कसोटीला उतरत नाही.

तक्त्याच्याही मर्यादा आहेत. दोनच माणसे असलेल्या दुकानात विकणारा आणि मोजणारा वेगळा ठेवता येत नाही. तिथे दुसऱ्या शाखेतला कोणी आला तरच फेरमोजणीला अर्थ राहतो. शिवाय बॅचनिहाय मोजणी एका रात्रीत उरकण्याचा हट्ट धरला, तर बारानंतरची पाने पुन्हा अंदाजाने भरली जातात. एकसारखे गोल आकडे, प्रत्येक बॅचला तीच मुदत, सगळ्या पानांवर एकाच शाईतली घाईची सही, या खुणा दिसल्या की ते पान परत मोजायला द्यावे. त्यापेक्षा रोज एक रॅक मोजून महिनाभरात फेरी पूर्ण करणे बरे.

आणि पहिल्याच महिन्यात तूट मोठी निघणार, हे मालकांनी धरूनच चालावे. ती त्या महिन्याची नसते. जुन्या तक्त्याने वर्षानुवर्षे झाकलेले सगळे त्या एका मोजणीत वर येते. म्हणून कर्मचाऱ्यांनी सूचनेखाली सही करण्याआधी त्यात दोन गोष्टी शोधाव्यात: पहिल्या मोजणीतली तूट कोणाच्याही नावावर टाकली जाणार नाही असे लिहिले आहे का, आणि मोजणीचा वेळ कामाच्या तासांत धरला आहे का. लिहिलेले नसेल, तर १ तारखेच्या आत लेखी विचारून घ्यावे.