सकाळी सातची खोली, संध्याकाळी सहाची किल्ली

मुंबईहून रात्री निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी कोल्हापूरला पोचते आणि रात्री परत फिरते. हॉटेलच्या वेळा मात्र वेगळ्या: अकराला खोली सोडायची, दोनला नवी मिळायची. त्यामुळे सकाळी काउंटरवर "काका, आंघोळीपुरती तरी खोली द्या" आणि दुपारी "गाडी रात्रीची आहे, थोडं थांबू दे" हे रोजचंच.

याला हो म्हणावं की नाही, ते पाहुण्याच्या आर्जवावर ठरवू नये. ठरवावं ते आज रात्री ती खोली कुणाला लागणार आहे यावर.

समजा, तीस खोल्यांचं हॉटेल आहे. शनिवारी रात्री सव्वीस भरल्या, चार रिकाम्या राहिल्या. रविवारी वीस पाहुणे निघणार, सहा राहणार आणि नवी बुकिंग चौदा. स्वच्छ असलेल्या चार रिकाम्या खोल्या सकाळच्या गाडीने आलेल्यांना लगेच देता येतात. कालची रात्र उलटून गेली, त्यामुळे अर्धं भाडं घेतलं तरी ती जादाचीच कमाई. उरलेल्या दहा बुकिंगसाठी निघणाऱ्या वीसपैकी दहा खोल्या वेळेवर हव्यात. बाकी दहांतल्या दोन आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवल्या, तरी आठ खोल्या संध्याकाळी सहापर्यंत देता येतात. भाडं तीन हजार असेल तर अर्ध्या भाड्याने बारा हजार रुपये. एरवी हेच आठ जण "तासभर फक्त" म्हणत फुकट बसतात.

मात्र हा हिशोब खोलीच्या प्रकारानुसार मांडायला हवा. एकूण दहा खोल्या मोकळ्या दिसतात, पण चार खाटांची फॅमिली रूम एकच असते आणि दुपारी नेमकं तिचंच कुटुंब येऊन उभं राहतं. म्हणून रात्रपाळीच्या माणसाने यादी तयार ठेवावी आणि सकाळी हाउसकीपिंगच्या सुपरवायझरबरोबर ती ताडून पाहावी. निघालेली खोली नीट साफ व्हायला अर्धा-पाऊण तास जातो. सहा वाजता आठही खोल्या एकदम सुटल्या, तर तेव्हा माणसं हाताशी हवीत.

पैसे गळतात ते बहुधा तोंडी होकारातून. सकाळच्या पाळीने सांगितलेलं दुपारच्या पाळीला ठाऊक नसतं आणि बिलात रक्कम चढत नाही. कीकार्ड असेल तर त्यावर चांगला उपाय आहे. कार्ड अकरालाच बंद होऊ द्यावं आणि रक्कम बिलात नोंदवल्यावरच त्याची वेळ वाढवावी.

ज्यांना सकाळी खोली हवीच, त्यांना बुकिंगच्या वेळीच सांगावं की खात्री हवी असेल तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागेल. नाहीतर उत्तर "रिकामी असली तर देऊ" एवढंच. नवरात्रात हॉटेल भरलेलं असताना तर कुणालाच जादा वेळ देता येत नाही. तेव्हा सामान ठेवून घ्यावं आणि एक खोली फक्त आंघोळ-कपड्यांसाठी राखावी. सकाळी येणारे आणि संध्याकाळी निघणारे, दोघेही तीच खोली माणशी ठरावीक रक्कम देऊन वापरतात.