हक्कभाग, खासगी वाटप, बक्षीस भाग: तुमचा वाटा कुठे घटतो?

बारामतीतल्या जळोचीत एखाद्या घरात भारत फोर्जचे 100 शेअर आहेत असे धरू. कंपनीचा एक कारखाना बारामतीतच आहे.

2017 मध्ये कंपनीने एकास एक बक्षीस भाग दिले. 100 चे 200 झाले, खिशातून काही गेले नाही. कंपनीने राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वळवली, एवढेच. भाव साधारण निम्म्यावर येतो, मालकीचा वाटा तोच राहतो. म्हणून बक्षिसाला कमाई समजू नका.

डिसेंबर 2024 मध्ये याच कंपनीने मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना 1,320 रुपयांनी शेअर देऊन 1,650 कोटी उभारले, म्हणजे सव्वा कोटी नवे शेअर. अशा खासगी वाटपासाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. छोट्या भागधारकाला अर्जच करता येत नाही. आधीचे शेअर सुमारे साडेसेहेचाळीस कोटी असल्याने प्रत्येकाचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास घटला.

हक्कभागात मात्र पहिला मान जुन्या भागधारकाचा. 2020 मध्ये रिलायन्सने 15 शेअरमागे एक, 1,257 रुपयांना देऊ केला. हा हक्क डिमॅट खात्यात वेगळा जमा होतो. पैसे भरा, वाटा टिकतो. नको असेल तर हक्क बाजारात विका. खरे नुकसान तिसऱ्या वाटेने होते: काहीच केले नाही तर मुदत संपताच हक्क रद्द होतो आणि मोबदलाही मिळत नाही. तेव्हा पत्र आले की शेवटची तारीख आधी पाहा. हक्क विकण्याची मुदत अर्जाच्या मुदतीपेक्षा लवकर संपते.