नवरीची मेंदी वाकडी होते? कोन धरण्याआधी पाच ठिपके द्या

गावात नवरीला मेंदी काढणारी बहुतेक वेळा शेजारची ताई नाहीतर मैत्रीणच असते. मोबाईलवरची डिझाईन बघून काढायला घेते, पण तळहातावरचा गोल एका अंगाला सरकतो. चुकलेली रेघ लगेच पुसली नाही, तर तिचा डाग राहतोच.

म्हणून आधी हात उशीवर सैल ठेवायचा. तळवा ताणून काढलेला गोल हात सैल सोडला की आक्रसतो. मधल्या बोटाच्या मुळापासून मनगटाच्या मध्यापर्यंत सरळ रेघ मनात धरा. तिच्या मध्यावर एक ठिपका द्या. त्याच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारख्या अंतरावर चार ठिपके द्या. आधी या चार ठिपक्यांवर पाकळ्या काढा, मग मधल्या जागांत चार. एक बाजू पूर्ण भरून दुसरीकडे गेलं, की पाकळ्या लहानमोठ्या होतात.

बोटांवर पेरांच्या आडव्या रेघा हेच माप. त्या रेघांलगत बारीक पट्टी आणि दोन रेघांमध्ये नक्षी घ्या. करंगळीला तीच नक्षी लहान करा. बोटाच्या दोन्ही कडा थोड्या मोकळ्या सोडा, म्हणजे बोट जाड दिसत नाही.

दुसऱ्या हाताला मात्र डिझाईन उलटी लागते. मोबाईलमधला फोटो एडिटमध्ये जाऊन आडवा फ्लिप करा आणि तो बघून काढा. मग दोन्ही तळवे शेजारी धरले, की कोयऱ्या समोरासमोर येतात.